ओसीआर नसलं तरी स्कॅनमधला आकडा बदलतो

प्रश्न: "ऑफिसच्या मशीनवर स्कॅन केलेल्या पीडीएफमधे मूळ कागदावरच्या इंग्रजी 6 चा 8 दिसतोय. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, ते केलेलंच नाही, मग असं होऊ शकतं का? आणि फाइल लहान ठेवून हे टाळायचं कसं?"

होतं. आणि "स्कॅनर म्हणजे फोटो, फोटोत आकडा कसा बदलेल" असं जो कोणी तुम्हाला ठासून सांगतोय त्याला हे सगळं वाचायला लावा, कारण याच एका वाक्यापायी आमच्याकडे एका चांगल्या पोराला नाहक बोलणी खावी लागली होती.

मी बिलिंगला होतो, बांधकामाची मध्यम साइजची फर्म, नाव नको. लोखंडाचं बीबीएस, म्हणजे कुठली सळई किती लांब कापायची आणि किती नग याचा तक्ता, एक्सेलमधे व्हायचं, मग प्रिंट, मग साहेबांची सही, मग कॉरिडॉरमधल्या मोठ्या मशीनवर स्कॅन आणि ती पीडीएफ साइटवर. मेल लवकर जावा आणि साइटवर मोबाइलमधे पटकन उघडावा म्हणून मशीन कायम ब्लॅक अँड व्हाइट, २०० डीपीआय म्हणजे इंचाला २०० ठिपके, आणि "स्मॉल फाइल" वर ठेवलेलं असायचं. शीट लँडस्केप, कॉलम बरेच, त्यामुळे अक्षर ७ पॉइंटचं. २३० बाय ६०० मिलिमीटरच्या बीममधे उभ्या-आडव्या सळयांना बांधून ठेवणारी ८ एमएमची रिंग होती. चारी बाजूंनी २५ चं काँक्रीटचं कव्हर सोडलं की आतला चौकोन १८० बाय ५५०, म्हणजे घेर १४६० आणि दोन हूकचे १६०, कटिंग लेंथ १.६२ मीटर. नग १४५. साइटवर पोचलेल्या पीडीएफमधे तिथे स्वच्छ, ठळक १.८२. फिटरने १.८२ ने तुकडे कापले, रिंग वाकवल्यावर ८० चा हूक १८० चा होऊन बाहेर आला, तेव्हा त्यानेच फोन केला की साहेब हे जरा जास्त वाटतंय.

नुकसान किरकोळ होतं, १४५ रिंगांमागे २०० मिलिमीटर म्हणजे २९ मीटर, साडेअकरा किलोच्या आसपास लोखंड. पण साहेबांनी शीट बनवणाऱ्या मुलालाच धरलं. तो म्हणाला एक्सेलमधे १.६२ च आहे, तर उत्तर आलं की आता बदललंस. सही केलेला कागद फाइलमधून काढला, त्यावरही १.६२, तर म्हणे हा कागद नंतर बदलला असेल. मशीनच्या सर्व्हिसवाल्याला विचारलं तर तो छातीठोकपणे म्हणाला, ओसीआर बंद आहे, आकडा बदलणं शक्यच नाही. झालं, विषय संपला.

मला खटकत होतं ते वेगळंच. त्या पीडीएफमधेच त्याच ओळीत शेवटी एकूण लांबी २३४.९० होती. १४५ गुणिले १.६२ म्हणजे २३४.९०. १.८२ ने गुणलं तर २६३.९० यायला हवेत. एक्सेलमधे कोणी १.८२ टाकलं असतं तर पुढचा फॉर्म्युला आपोआप बदलला असता. म्हणजे चूक एक्सेलच्या नंतरची होती, हे त्या ओळीतच लिहिलेलं होतं आणि कोणी गुणाकार करून बघायला तयार नव्हतं.

आता हे होतं कसं. ब्लॅक अँड व्हाइट स्कॅनमधे प्रत्येक ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. जेबिग२ नावाची एक कॉम्प्रेशन पद्धत आहे, २००० सालचं स्टँडर्ड, पीडीएफमधे चालते. तिचा एक प्रकार असा की पानावरचे एकमेकांना चिकटलेल्या काळ्या ठिपक्यांचे पुंजके वेगळे करायचे, म्हणजे साधारण एकेक अक्षर किंवा आकडा, आणि प्रत्येकाची पूर्वी आलेल्यांशी तुलना करायची. पुरेसं जुळलं की नवीन चित्र साठवायचंच नाही, फक्त नोंद करायची की इथे अमुक नंबरचा नमुना लावा. छापखान्यात खिळे जुळवायचे तसंच, एकच खिळा पानभर सगळीकडे. फाइल लहान होते ती यामुळे. अक्षर ओळखायचा संबंधच नाही, म्हणून ओसीआर बंद असलं तरी काही फरक पडत नाही. मशीनला ६ म्हणजे काय तेच माहीत नसतं, ते फक्त आकार बघतं.

आणि "पुरेसं जुळलं" यातच सगळी गडबड आहे. ७ पॉइंटच्या आकड्याची उंची २०० डीपीआयला जेमतेम १३-१४ ठिपके. समजा इंग्रजी 8 ला ६२ काळे ठिपके लागले, तर इंग्रजी 6 म्हणजे तोच 8, फक्त वरच्या उजव्या बाजूचे चारेक ठिपके नाहीत. ६२ पैकी ५८ जुळले, ९३ टक्क्यांच्या वर. उलट दोन खरे ६ घ्या, कागद केसभर तिरका गेला किंवा टोनर जरा पसरला की त्यांच्या कडांवरचेच तेवढे ठिपके वेगळे येतात. मर्यादा ९० टक्क्यांवर ठेवली तर ६ आणि ८ एकच ठरणार. तेच अक्षर ३०० डीपीआयला २० ठिपक्यांचं होतं, फरक ठळक होतो, धोका कमी होतो. संपत नाही.

यातलं वाईट काय ते नीट समजून घ्या. जेपेग जास्त दाबलं की आकडा धूसर होतो, तुम्ही डोळे बारीक करता, संशय येतो. इथे ६ च्या जागी दुसरीकडचा खराखुरा ८ येऊन बसतो, कडा धारदार, शंकेला जागाच नाही. नंतर ओसीआर केलं तर तेही खात्रीने ८ च वाचणार.

जगभर हे गाजलं ते ऑगस्ट २०१३ मधे. डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मशीनवरचे स्कॅन लोकांसमोर मांडले. घराच्या प्लॅनवर तीन खोल्यांचं क्षेत्रफळ १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होतं, स्कॅनमधे तिन्ही खोल्या १४.१३. मोठ्या खोलीवर लहान खोलीचा आकडा आला म्हणून लक्षात तरी आलं. कंपनी आधी म्हणाली की हे फक्त सगळ्यात कमी क्वालिटीच्या सेटिंगला होतं आणि तिथे तशी सूचना दिलेली आहे, मग क्रीझेलने वरच्या सेटिंगलाही तेच होतं हे दाखवलं, तेव्हा सॉफ्टवेअरमधला दोष मान्य करून दुरुस्ती काढावी लागली. पुढे जर्मनीच्या सरकारी माहितीसुरक्षा खात्याने कागदपत्रांच्या स्कॅनिंगसाठी जेबिग२ वापरू नका असं सांगितलं. मी हेच साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, आपलं मशीन त्या कंपनीचं नाही. बरोबर, नव्हतंच. पण पद्धत कोणा एका कंपनीची नाही ना!

मग मी तोच सही केलेला कागद त्याच मशीनवर परत लावला. "स्मॉल फाइल" वर १.६२ या वेळी नीट आला पण खाली दुसऱ्याच ओळीत ६ चा ८ झाला. टिफ या चित्राच्या फॉरमॅटमधे स्कॅन केलं तर सगळे आकडे कागदाप्रमाणे. आणि जे मला सगळ्यात पटवून गेलं ते असं, की पीडीएफ ८०० टक्के झूम करून दोन वेगवेगळ्या ओळींतले ८ शेजारी शेजारी ठेवले तर दोघांच्या कडेचा प्रत्येक ठिपका सारखा, खालच्या पोटात एक ठिपका बाहेर आलेला, तोही दोघांत त्याच जागी. खऱ्या स्कॅनमधे असं जवळपास होतच नाही, एकाच पानावरचे दोन ८ कुठेतरी एकदोन ठिपक्यांनी वेगळे असतातच. तुम्हीही हेच करून बघा, काही विकत घ्यावं लागत नाही. पॉपलर नावाची पीडीएफ तपासायची अवजारं टाकलेली असतील, लिनक्सवर बहुधा असतातच, तर हेही:

```
pdfimages -list scan.pdf
```

`enc` कॉलममधे `jbig2` आलं तर सावध व्हा, सगळ्या ओळींत `ccitt` किंवा `jpeg` असेल तर ही विशिष्ट अदलाबदल त्या फाइलमधे झालेली नाही. पण फाइल नंतर कुठल्या साइझ-कमी-करा वाल्या प्रोग्राममधून गेली असेल तर हा कॉलम शेवटचाच टप्पा दाखवतो, आधी काय झालं ते नाही.

टाळायचं म्हणाल तर मशीनच्या मेनूमधे कॉम्प्रेशन एमएमआर किंवा ग्रुप ४ असं काही मिळतंय का बघा. ही फॅक्सच्या काळातली पद्धत, एक ठिपकाही बदलत नाही, आणि ३०० डीपीआयचं साधं टाइप केलेलं ए४ पान बहुतेक वेळा ५० ते १०० केबीत बसतं. एवढ्यात कोणाचा मेल अडत नाही! मेनूत नसेल तर ब्लॅक अँड व्हाइट टिफ घ्या आणि img2pdf या प्रोग्रामने `img2pdf scan.tif -o scan.pdf` करा, ते ग्रुप ४ च ठेवतं. "कॉम्पॅक्ट पीडीएफ", "हाय कॉम्प्रेशन" वगैरेला आकड्यांच्या कागदासाठी हात लावू नका, रंगीत असलं तरी नाही, त्यातही मजकुराचा थर वेगळा काढून जेबिग२ ने दाबलेला असू शकतो.

पण माझं खरं म्हणणं असं की एक्सेलमधे असलेली शीट स्कॅन करायचीच कशाला? सरळ एक्सेलमधून पीडीएफ काढा, ती सगळ्यात लहान आणि आकडा हलायचा प्रश्नच नाही. सही हवी तर सहीचं एकच पान स्कॅन करून मागे जोडा, नाहीतर डिजिटल सही वापरा. हे मी तेव्हाही सांगत होतो आणि "सही प्रत्येक पानावर पाहिजे" एवढ्या एका हट्टापायी सगळं अडलं. प्रत्येक पानावरची सही ज्या आकड्यांची हमी द्यायला होती तेच आकडे त्या सहीखाली बदलत होते, आणि चुकीचा ठरला तो पोरगा. त्याची माफी कोणी मागितली नाही. मशीनचं सेटिंग मात्र गुपचूप बदललं गेलं.

एक-दोन गोष्टी राहिल्या. जेबिग२ मुळातच वाईट असं नाही, त्यात ठिपकान् ठिपका जपणारा प्रकारही आहे आणि पीडीएफचं ओसीआर करणारं `ocrmypdf` आपणहून तोच वापरतं, त्यामुळे नुसतं `jbig2` दिसलं म्हणून फाइल खोटी ठरवू नका, झूम करून बघा. ग्रुप ४ ने पण मूळ स्कॅनच काळपट असेल तर ६ चं तोंड भरून तो ८ सारखा दिसू शकतो, फक्त तिथे तो डाग दिसतो, संशय घेता येतो. आणि मराठी कागदांबद्दल कोणी विचारत नाही म्हणून सांगतो, शब्दाची अक्षरं शिरोरेघेने एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पूर्ण शब्दच एक पुंजका होतो आणि तो दुसऱ्याशी सहसा जुळत नाही. आकड्यांना शिरोरेघ नाही, ते सुटे पडतात. म्हणजे मजकूर अगदी जसाच्या तसा दिसतो आणि त्याच पानावरचे क्षेत्र, रक्कम, गट नंबर धोक्यात, त्यामुळे मजकूर नीट आलाय बघून आकड्यांवर विश्वास टाकू नका.

तुमच्याकडे आधीच अशा फाइली असतील तर मूळ कागद फाडू नका. अदलाबदल झालेल्या फाइलमधे जुन्या ६ चं चित्र शिल्लकच नसतं, कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. जिथे बेरीज किंवा गुणाकार आहे तिथे ओळीओळीने करून बघा, जिथे नाही तिथे कागद समोर ठेवून एकेक आकडा वाचणं एवढंच हातात आहे.