बाबांना लिहायचं पत्र आणि क्रियापदाच्या शेवटचा ‘त’

प्रश्न : बाबांना येत्या महिन्यात ७५ वर्षं पूर्ण होतात. ते इंदूरला रामबागेत, मी बंगळूरला. बोलणं दोघांचंही कमीच. मी सातवीत असताना त्यांची मिल बंद झाली. मग ते सायकलवर सियागंजात जाऊन दुकानांच्या वह्या लिहायचे. माझी फी एकदाही थकली नाही. तंगी होती हे मला नोकरी लागल्यावर आईकडून कळलं. हिशेब लिहायलाही त्यांनीच शिकवलं. हे सगळं लिहायचं होतं, पण लिहिलं गेलं ते असं :

‘प्रिय बाबा, आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. मी कधी बोललो नाही पण माझं आपल्यावर खूप प्रेम आहे. आपण माझ्यासाठी जे काही केलं त्यासाठी मी सदैव ऋणी राहीन. मला तुमच्यावर गर्व आहे. मला माफ करा की मी आपल्याला वेळ देऊ नाही शकलो. स्वतःचा ख्याल ठेवा. आपला आज्ञाधारक मुलगा.’

वाचताना माझ्याच कानाला खटकतं. काय बदलू?

उत्तर : सगळ्यात आधी ‘गर्व’ काढा. हिंदीत बापाचा गर्व असतो, मराठीत अभिमान असतो. मराठीत गर्व चढतो आणि उतरवला जातो. ‘ख्याल’ही हिंदीच्या वाटेने आला आहे. इंदुरात आपण बोलताना हे शब्द सहज येतात आणि बोलण्यात ते तसेच राहू द्यावेत, ती आपली बोलीच आहे. पण चार ओळींच्या पत्रात ‘गर्व’ आला, तर वाचणारा तिथेच अडतो आणि पुढचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट ‘आपण’ची. तुमच्या मसुद्यात ‘आपल्यावर’ आणि ‘तुमच्यावर’ पाठोपाठ आले आहेत. हिंदीत वडिलांना ‘आप’ म्हणणं हे घरातलं, रोजचं आदराचं बोलणं आहे. त्या ‘आप’च्या जागी मराठीत ‘तुम्ही’ येतं. मराठीतलं ‘आपण’ निमंत्रणपत्रिकेत, सभेत किंवा अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना शोभतं. बाबांना समोरासमोर ‘अहो बाबा, तुम्ही जेवलात का?’ असं विचारत असाल, तर पत्रातही ‘तुम्ही’च हवं. ‘आपण’ लिहिलं की कमी बोलणारी दोन माणसं आणखी दोन पावलं लांब जातात.

‘आपण’ची याहून मोठी अडचण अर्थाची आहे, कारण मराठीत त्याचा एक अर्थ ‘तुम्ही आणि मी मिळून’ असाही होतो. ‘आपण फी भरली’ याचा सरळ अर्थ आपण दोघांनी भरली. ‘आपण फी भरलीत’ म्हटलं, तर ती समोरच्याने भरली. फरक फक्त शेवटच्या ‘त’चा आहे. तुमच्या ‘आपण जे काही केलं’ या वाक्यात नेमका तो नाही.

मसुदा कोरडा वाटतो त्याचं मोठं कारण मला हा हरवलेला ‘त’च वाटतो. भूतकाळी क्रियापद कर्मानुसार बदलतं, एवढं मराठी आणि हिंदी दोन्हींत सारखं आहे : ‘आपने फीस भरी’, ‘तुम्ही फी भरली’. हिंदीचं क्रियापद तिथेच थांबतं. मराठीचं एक पाऊल पुढे जातं आणि समोरच्या माणसाची खूण शेवटी जोडून घेतं. ‘तू’ असेल तर ‘भरलीस’, ‘तुम्ही’ असेल तर ‘भरलीत’. हप्ता असेल तर ‘भरलात’, भाडं असेल तर ‘भरलंत’. इंदुरात हिंदी दिवसभर कानावर असते, त्यामुळे ही खूण मराठीतूनही गळते आणि गळाली हे कळतही नाही.

पत्रात याचा उपयोग असा, की ‘तुम्ही’ हा शब्द न लिहिताही माणूस वाक्यात हजर राहतो. ‘फी वेळेवर भरली’ ही नोंद झाली. ‘फी वेळेवर भरलीत’ हे कुणाकडे तरी पाहून म्हटलेलं वाक्य आहे. मोजकं बोलणाऱ्या बापाला उद्देशून प्रत्येक ओळीत ‘तुम्ही, तुम्ही’ केलं, तर ते अवघडतील. क्रियापदाच्या शेवटी आलेला ‘त’ मात्र अंगावर येत नाही.

हा ‘त’ जपून वापरावा लागतो. वर्तमानकाळात तो लागत नाही. ‘तुम्ही लिहिता’ बरोबर, ‘तुम्ही लिहितात’ चूक, कारण ‘लिहितात’ हे ‘ते’चं रूप आहे. ही चूक हल्ली छापील मजकुरातही दिसते. दुसरी अडचण अनेकवचनी कर्माची. ‘पैसे भरलेत’ याचा अर्थ ‘पैसे भरले आहेत’ असाही लागतो, त्यामुळे तिथे ‘तुम्ही’ लिहावं किंवा वाक्यच फिरवावं. तुम्हाला ‘फी’ हा एकवचनी शब्द मिळाला आहे, तोच ठेवा.

आता ‘देऊ नाही शकलो’. मराठीत नकार क्रियापदाच्या मागून येतो : ‘देऊ शकलो नाही’. आणि भूतकाळात समोरच्याबद्दल नकार असेल, तर तो ‘त’ उठून ‘नाही’ला जाऊन चिकटतो : ‘सांगितलं नाहीत’, ‘थांबला नाहीत’. तुमच्या प्रश्नात सगळ्यात मोलाची गोष्ट ‘तंगी होती हे मला नोकरी लागल्यावर आईकडून कळलं’ ही आहे. ती मसुद्यात आलेलीच नाही. ती या रूपात बसते : ‘कळू दिलं नाहीत.’ प्रेम, ऋण आणि अभिमान या तीन शब्दांनी तुम्ही जे सांगू पाहत होता, ते या तीन शब्दांत आलं आहे. म्हणून ते तिन्ही मी काढले. ‘ऋणी’ तर वडिलांना लिहूच नये असं माझं ठाम मत आहे. फी भरणं त्यांनी कर्ज दिल्यासारखं केलं नव्हतं, आणि आपण ते तसं मोजलं असं त्यांना वाटायला नको.

माझ्या हाताने पत्र असं झालं :

> ती. बाबांस,
> साष्टांग नमस्कार.
>
> आज ७५ वर्षं पूर्ण झाली.
>
> मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत होतो. सकाळी सायकल काढून सियागंजात जायचात आणि दुकानांच्या वह्या लिहून दिवेलागणीनंतर परत यायचात. त्या सगळ्या वर्षांत माझी फी वेळेवर भरलीत. घरात ओढाताण आहे हे मला कळू दिलं नाहीत. आईने सांगितलं तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.
>
> घरचा हिशेब मी अजून शिकवलात तसाच लिहितो, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. महिनाअखेर शिल्लक जुळली की तुमची आठवण येते.
>
> यंदा वसुबारसेलाच येतो आणि भाऊबीज झाली की निघतो.
>
> संध्याकाळी वाचायला बसताना मोठा दिवा लावत जा.
>
> तुमचा,
> (घरातलं हाक मारायचं नाव)

यातल्या काही गोष्टी माझ्या पदरच्या आहेत, त्या तपासून घ्या. देशी पद्धतीच्या वहीत जमा डाव्या हाताला आणि नावे उजव्या हाताला असते, म्हणून मी तसं लिहिलं. तुम्हाला त्यांनी वेगळं शिकवलं असेल किंवा तुम्ही आता हिशेब लिहीत नसाल, तर ते वाक्य ठेवू नका. ज्याने आयुष्यभर वह्या लिहिल्या त्याला खोटी नोंद लगेच दिसेल. सकाळ आणि दिवेलागण या वेळाही आईला विचारून पक्क्या करा. शिल्लक जुळण्याच्या वाक्यात मात्र ‘तुमची’ मुद्दाम उघड लिहिलं आहे. सगळ्या पत्रात ते एकदाच येतं, ‘तुमचा’ या सहीच्या आधी, म्हणून त्याला वजन येतं.

‘हार्दिक शुभेच्छा’ काढल्या, कारण आपल्याकडे धाकट्याने नमस्कार करायचा आणि थोरल्याने आशीर्वाद द्यायचा अशी जुनी रीत आहे. ७५ वर्षांच्या वडिलांना मुलाने शुभेच्छा दिल्या तर काही बिघडत नाही, पण नमस्कार केला तर ते त्यांना ओळखीचं वाटेल. ‘ती.’ म्हणजे तीर्थरूप. हा मायना स्वतःच्या आईवडिलांसाठी. काका-मामांसारख्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहायची पद्धत होती, तेव्हा चुकून ‘ती. स्व.’ लिहू नका. पुढे ‘सा. न. वि. वि.’ ही जुनी साखळी लावता येईल. पण त्यातलं ‘विनंती विशेष’ लांब, बातमीच्या पत्राला शोभतं, म्हणून मी ‘साष्टांग नमस्कार’ एवढंच पूर्ण अक्षरांत ठेवलं.

माफीच्या जागी दिवाळी आणली आहे. ‘मला माफ करा’ वाचल्यावर बाबांना काहीतरी उत्तर द्यावं लागणार, आणि तेच त्यांना जड जाणार. वसुबारस ते भाऊबीज म्हटलं, की किती दिवस येणार हे त्यांना आपोआप कळतं आणि काही बोलावं लागत नाही. जमणार असेल तरच लिहा. तिकीट नक्की नसेल, तर ज्या दिवसांची खात्री आहे तेच लिहा.

‘स्वतःचा ख्याल ठेवा’च्या जागी ‘काळजी घ्या’ चाललं असतं, पण ते दुकानदारालाही म्हणतात. ‘लावत जा’ यातला ‘-त जा’ म्हणजे रोज, आठवणीने. असं सांगणं मराठीत घरच्या माणसालाच शोभतं, आणि मुलाने सांगितलं तरी त्यात आगाऊपणा दिसत नाही. दिव्याचं मी अंदाजाने लिहिलं. तुम्ही फोनवर त्यांना नेहमी जे सांगता ते तिथे घाला : गोळी वेळेवर घेत जा, जिना उतरताना कठडा धरत जा, काहीही. एकच सांगणं ठेवा. दोन झाली की उपदेश होतो.

‘आज्ञाधारक’ हा शाळेत मुख्याध्यापकांना लिहायच्या अर्जातला शब्द आहे, तो तिथेच राहू द्या. आणि पंच्याहत्तरीच्या समारंभात हे पत्र कुणी वाचून दाखवणार असेल, तर नको म्हणा. समारंभासाठी वेगळा मजकूर लिहा. तिथे ‘आपण’ चालेल, शुभेच्छाही चालतील आणि ‘अभिमान’ही. त्यातही ‘आपण केलंत’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर मांडवातल्या सगळ्यांनी मिळून केलं असा अर्थ होईल.