गवताचा पुतळा की वक्त्यावर रोख?

प्रश्न : ‘स्ट्रॉ मॅन’ आणि ‘ॲड हॉमिनेम’ या तर्कदोषांना मराठीत नेमके काय म्हणावे? ‘बुजगावणे’ हा शब्द बरोबर आहे का? परीक्षेत उदाहरण आले की दोन्हींत माझी गल्लत होते. महाविद्यालयीन वादविवादातली उदाहरणे घेऊन फरक सांगावा.

उत्तर :
‘बुजगावणे’ चालते, पण त्यात एक अडचण आहे. मराठी बुजगावण्याचे काम पाखरांना बुजवण्याचे, म्हणजे भीती घालण्याचे असते. ‘स्ट्रॉ मॅन’ म्हणजे समोरच्याचे म्हणणे बदलून, ते बदललेले म्हणणे खोडणे; त्यातल्या पुतळ्याचे काम याच्या उलट आहे. तो कोणालाही घाबरवत नाही, एका फटक्यात आडवा पडावा एवढ्यासाठीच तो उभा केलेला असतो. त्यामुळे ‘बुजगावण्याचा युक्तिवाद’ म्हटले की अनेक विद्यार्थी भीती दाखवून केलेला युक्तिवाद असा अर्थ लावतात आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते. मला ‘गवताचा पुतळा’ हे शब्द अधिक नेमके वाटतात. बोलताना मात्र आपल्याकडे याहून सोपा प्रयोग तयारच आहे : ‘मी न बोललेले माझ्या तोंडी घालू नका.’ या एका वाक्यात हा तर्कदोष जवळजवळ पूर्ण सांगून होतो.

‘ॲड हॉमिनेम’ या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘माणसाला उद्देशून’ एवढाच आहे. जॉन लॉकने १६९० च्या आपल्या ग्रंथात हे नाव वापरले, ते समोरच्याने स्वतः मान्य केलेल्या गोष्टींवरून निघणारे निष्कर्ष त्याच्यापुढे ठेवून त्याला पेचात पकडण्याच्या रीतीला, आणि त्यात शिवीगाळीचा संबंध नव्हता. आजच्या पाठ्यपुस्तकी अर्थाने मात्र म्हणणे खोडण्याऐवजी म्हणणाऱ्याचे चारित्र्य, हितसंबंध किंवा वागणे पुढे करणे म्हणजे ‘ॲड हॉमिनेम’. त्याला ‘व्यक्तिलक्ष्यी युक्तिवाद’ म्हणता येईल.

दोन्ही दोष अनाकारिक आहेत, म्हणजे ते वाक्यांचा साचा पाहून सापडत नाहीत. मूळ विधान काय होते आणि कोणत्या संदर्भात केले होते हे समोर असल्याशिवाय त्यांचा निर्णय होत नाही. म्हणून एकच वाद सुरुवातीपासून पाहू.

ठराव असा आहे : ‘परीक्षेच्या महिन्यात महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री दहाऐवजी बारा वाजेपर्यंत उघडे ठेवावे.’ ठराव मांडणारी विद्यार्थिनी सांगते की दहाच्या सुमारास तिने सलग पाच दिवस मोजणी केली आणि दर वेळी तीसहून अधिक जण वाचत बसलेले होते. यावर विरोधी वक्ता म्हणतो, ‘म्हणजे यांना वर्षभर रात्रंदिवस ग्रंथालय चालवायचे आहे! कर्मचाऱ्यांनी घरी जायचेच नाही का?’ आता दोन्ही विधाने एकाखाली एक लिहून पाहा. ‘परीक्षेच्या महिन्यात’ची जागा ‘वर्षभर’ने घेतली आहे आणि ‘बारा वाजेपर्यंत’ची ‘रात्रंदिवस’ने. मर्यादा घालणारे दोन्ही शब्द गळाले आणि जे उरले ते खोडायला सोपे झाले. हा गवताचा पुतळा आहे. बहुतेक वेळा हा दोष असाच, म्हणजे ‘काही’, ‘सहसा’, ‘अमुक काळापुरते’ यांसारखे लहान शब्द गाळून घडतो, त्यामुळे उजळणी करताना आधी हे शब्द अधोरेखित करण्याची सवय लावावी.

मात्र तोच वक्ता असे म्हणाला असता : ‘बारापर्यंत उघडे ठेवायचे तर दोन तासांसाठी आणखी एक कर्मचारी लागेल आणि त्याची तरतूद ठरावात नाही’, तर त्यात दोष नसता. ठरावात हे शब्द नाहीत हे खरे, परंतु ते ठरावाच्या तोंडी घातलेले नसून ठरावातून निघणारा परिणाम म्हणून दाखवलेले आहेत. इथे विद्यार्थी हमखास चुकतात. परिणाम दाखवणे म्हणजे विपर्यास करणे नव्हे. ‘तुमचे म्हणणे हेच ना?’ असे विचारल्यावर मूळ वक्त्याला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणता येते की नाही, ही ओळखण्याची कसोटी. परिणाम त्याला आवडला नाही तरी चालेल, पण आपले विधान त्याला ओळखू आले पाहिजे.

पुढे दुसरा विरोधक उठतो : ‘ही मागणी करणाऱ्या वसतिगृहात राहतात, त्यांना खोलीतल्या गोंगाटातून सुटका हवी आहे, म्हणून हा ठराव.’ या वेळी ठरावाचा एकही शब्द बदललेला नाही. बदलले आहे ते लक्ष्य, कारण रोख ठरावावरून वक्त्यावर गेला आहे. तिचा स्वार्थ असेलही, परंतु त्यामुळे मागणी योग्य की अयोग्य हे ठरत नाही. तिसरा म्हणतो : ‘गेल्या सत्रात तुम्ही स्वतः किती वेळा ग्रंथालयात आलात?’ हा याच दोषाचा ‘तूसुद्धा’ प्रकार आहे. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण आपण अशा वेळी सहज वापरतो. ही म्हण उपदेश करणाऱ्याचा ढोंगीपणा दाखवते हे खरे, पण त्यामुळे ब्रह्मज्ञान खोटे ठरत नाही. (सभागृहात सर्वाधिक टाळ्या या तिसऱ्याच प्रकाराला पडतात, असा माझा परीक्षक म्हणून बसल्याचा अनुभव आहे.)

आता मर्यादा. व्यक्तीविषयी काढलेला प्रत्येक उद्गार हा तर्कदोष नसतो. ‘तुम्ही उद्धट आहात’ ही नुसती अशिष्टता झाली. ‘तुम्ही उद्धट आहात, म्हणून तुमचा ठराव चुकीचा’ असा निष्कर्ष काढला की दोष घडतो. दुसरे म्हणजे, कधी कधी व्यक्तीची विश्वासार्हता हाच पुराव्याचा भाग असतो. वरच्या वादात तीसहून अधिक वाचक असल्याची माहिती केवळ त्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावर उभी आहे. ‘मोजणीच्या पाचांपैकी दोन दिवस तुम्ही गावाला गेला होतात’ असे कोणी दाखवून दिले, तर ते बोलणे तिच्याविषयीचे असूनही रास्त ठरते, कारण त्याने तिच्या साक्षीचे वजन थेट कमी होते. वसतिगृहाचा मुद्दा मोजणीला धक्का लावत नाही, गैरहजेरीचा मुद्दा लावतो.

‘स्ट्रॉ मॅन’साठी न्यायशास्त्रातला ‘छल’ हा शब्द सुचवणारे काही जण भेटतात. वक्त्याच्या शब्दांना वेगळा अर्थ चिकटवून त्याचे म्हणणे हाणून पाडणे, अशी छलाची कल्पना आहे आणि ‘नवकंबल’ हे त्याचे जुने उदाहरण. बोलणाऱ्याला ‘नवे कांबळे’ म्हणायचे असते, तर समोरचा ‘नव’ म्हणजे नऊ असे धरून ‘याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?’ असे विचारतो. हा वाक्छल, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांवरचा खेळ आहे. पुतळा उभा करायला शब्द द्व्यर्थी असावा लागत नाही, म्हणून उत्तरपत्रिकेत दोन्हींना एक मानू नये.

उत्तर लिहिताना नुसते नाव देऊन थांबू नये. ‘मूळ मागणी परीक्षेच्या महिन्यापुरती आणि बारापर्यंत होती; विरोधकाने ती वर्षभराची व रात्रंदिवसाची केली; त्याचा आक्षेप या दुसऱ्या मागणीला लागू पडतो, पहिलीला नाही’ अशी तीन वाक्ये पुरतात. व्यक्तिलक्ष्यी युक्तिवादात मधले वाक्य बदलते : मागणी तशीच राहिली, पण आक्षेप मागणी करणाऱ्याच्या राहण्याच्या जागेवर घेतला. एकाच वाक्यात दोन्ही दोष असतील, उदाहरणार्थ ‘या आळशी मंडळींना रात्रंदिवस ग्रंथालय हवे आहे’, तर दोन्ही स्वतंत्रपणे दाखवावेत. मात्र इथे ‘आळशी’ हे नुसते विशेषण आहे की निष्कर्षाचे कारण, हे आधी तपासावे. नुसते विशेषण असेल तर त्या वाक्यात पुतळा तेवढा आहे.