हॉस्पिटलच्या बिलाचे फोटो पाहून क्लेमसाठी शीट कशी बनवायची?

*प्रश्न: नानांचं मुतखड्याचं ऑपरेशन जळगावला झालं. फायनल बिलाचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. त्यावरून हेड आणि रकमा एक्सेलमध्ये टाकल्या, पण बेरीज बिलाशी जुळतच नाही. काय चुकत असेल? आम्ही चोपड्याला राहतो, लगेच जळगावला जाणं जमत नाही.*

मी अमळनेरला हिशेबाची कामं करतो, त्यामुळे मेडिक्लेमचे कागद घेऊन लोक सारखे येतात. बेरीज न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. पहिल्या पानावरचा गोषवारा आणि मागच्या पानांवरचा तपशील, दोन्ही एकाच यादीत उतरवलेले असतात. म्हणून आधी एकाच फाइलमध्ये दोन शीट करा. ‘मुख्य’ शीटमध्ये फक्त पहिल्या पानावरचे हेड आणि त्यांच्या रकमा घ्या. ‘तपशील’ शीटमध्ये मागच्या पानांची एकेक ओळ घ्या. त्यात कॉलम क्रमाने असे ठेवा: पान, तारीख, हेड, बाब, नग, दर, रक्कम.

पारोळ्याच्या एका शेतकऱ्याचं असंच मुतखड्याचं बिल माझ्याकडे आलं होतं, त्यावरूनच सांगतो. पहिल्या पानावर बेड ७,५००, नर्सिंग १,५००, डॉक्टर व्हिजिट ३,६००, सर्जन २५,०००, भूल ७,५००, ओटी १०,०००, डीजे स्टेंट ३,२००, लॅब ४,३५०, रेडिओलॉजी ५,५००, फार्मसी ११,६२८ आणि रजिस्ट्रेशन ३०० होतं. एकूण ८०,०७८. मुलाने सगळा तपशील उतरवला तर बेरीज ८२,७३० आली. फरक २,६५२. या एका आकड्याकडे बघून काहीच कळत नाही, कारण त्यात दोन वेगवेगळ्या चुका मिसळल्या होत्या. फरक हेडवार काढला की त्या सुट्या होतात.

‘मुख्य’ शीटच्या A कॉलममध्ये हेड आणि B मध्ये छापलेली रक्कम असेल, तर C2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=SUMIFS('तपशील'!G:G,'तपशील'!C:C,A2)-B2
```

जिथे शून्य आलं ते हेड जुळलं. हेडचं नाव दोन्ही शीटमध्ये अक्षर न् अक्षर सारखं हवं. ‘लॅब’च्या पुढे एक मोकळी जागा जरी राहिली तरी ती ओळ बेरजेत धरली जात नाही. रक्कमही नुसता आकडा म्हणून टाका. ‘2500/-’ किंवा ‘रु. 2500’ असं लिहिलं तर शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून वगळते. असा आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो, त्यावरून ओळखता येतो.

त्या बिलात बाकी सगळी हेड जुळली, फार्मसी २,४७२ ने आणि लॅब १८० ने जास्त निघाली.

फार्मसीत फरकाची निम्मी रक्कम शोधायची. इथे ती १,२३६. औषधांच्या बिलांमध्ये नेमकी एवढ्याच रकमेची एक पावती होती, परत केलेल्या औषधांची. ती वजा करायची होती, मुलाने मिळवली. मिळवल्यामुळे फरक दुप्पट झाला. ऑपरेशनसाठी मागवलेली औषधं आणि सलाइन उरली की ती परत जातात, म्हणून रिटर्नची पावती जवळजवळ प्रत्येक बिलात असते. तिच्यावरचं वजाचं चिन्ह बारीक असतं, कधी नुसता कंस असतो, आणि फोटोत ते पुसटून जातं. रिटर्नची रक्कम उणे चिन्ह लावूनच टाका, नग लिहिले तर तेही उणेच.

लॅबमधला १८० चा फरक वेगळा होता. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाल्याचा संशय घ्यायचा. युरीन कल्चरचे ६८० होते, ते ८६० उतरले होते. शून्य जास्त पडलं तरीही फरकाला नऊने भाग जातो, ३०० चे ३००० झाले तर फरक २,७०० येतो. त्यामुळे हा नुसता इशारा समजा, खात्री ओळ बघूनच करा. फोटोत अंकच चुकीचा वाचला गेला असेल तर फरक ५, ५०, ५०० असा येतो (३ आणि ८ मधली गल्लत) किंवा ६, ६०, ६०० असा (१ आणि ७ मधली). फरकाचा आकडा बघितला की कुठला अंक शोधायचा ते कळतं.

घडीवर किंवा बोटाखाली अंक लपला असेल तर अंदाजाने भरू नका. नग आणि दर दिसत असतील तर गुणाकार करा. तेही नसेल तर हेडच्या छापील रकमेतून बाकीच्या ओळी वजा करा, उरेल ती त्या ओळीची रक्कम. मात्र एका हेडात अशी एकच ओळ असेल तरच हे चालतं. ती चौकट पिवळी करून ठेवा आणि मूळ कागद हाती आला की ताडून बघा. दिसणाऱ्या ओळींसाठी ‘तपशील’ शीटच्या H2 मध्ये `=E2*F2-G2` टाकलं की चुकीचा वाचलेला दरही पकडला जातो.

आता सवलत आणि ॲडव्हान्स. ही हेड नाहीत, त्यांना यादीत घेऊ नका, खाली वेगळं लिहा. त्या बिलात ८०,०७८ मधून २,०७८ सवलत जाऊन ७८,००० झाले. भरती होताना ३०,००० भरले होते, सुटीच्या दिवशी ४८,०००. क्लेम ७८,००० चा करायचा. शेवटची पावती ४८,००० ची म्हणून तेवढाच क्लेम टाकणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचे हक्काचे पैसे राहून जातात. दोन्ही पावत्या जोडा.

हेड एकत्र करून ‘उपचार खर्च’ अशी एकच ओळ करू नका, हे मी आग्रहाने सांगतो. नानांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला २,००० असेल आणि बिलात २,५०० लागले असतील, तर अनेक पॉलिसींत कंपनी नुसते वरचे ५०० कापून थांबत नाही. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट यांतूनही त्याच प्रमाणात, म्हणजे २० टक्के कापते. सर्जनच्या २५,००० मधून ५,००० जातात. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या बहुतेक पॉलिसींत या प्रमाणशीर कपातीबाहेर असतात. त्या बिलात स्टेंट, लॅब, रेडिओलॉजी आणि फार्मसी मिळून २४,६७८ होतात. त्यावरही २० टक्के कापले गेले तर ४,९३६ रुपये नाहक जातील. कंपनी मूळ बिलावरूनच हिशेब करते, पण तिचं मंजुरीचं पत्र आलं की तुमच्या शीटसमोर ठेवून कुठल्या हेडातून किती गेलं ते तपासता येतं. हेडच वेगळी नसतील तर भांडायला हातात काही राहत नाही. रजिस्ट्रेशनसारखे न मिळणारे खर्चही स्वतःहून गाळू नका, शेजारी खूण करून ठेवा. बेरीज बिलाशी जुळायलाच हवी.

सगळं करूनही एखादं हेड जुळलं नाही, तर बिलातच चूक असू शकते. तेव्हा बिलावर पेनने दुरुस्ती करू नका. जळगावला जाणं जमत नसेल तर बिलिंग काउंटरला फोन करून बिल नंबर, पान आणि ओळ सांगा, आणि सही-शिक्क्याचं दुरुस्त बिल कुरिअरने मागवा. ते हाती आल्यावरच क्लेमची फाइल पाठवा.