पाच वर्षं हप्ते भरूनही मुद्दल हलत का नाही?

प्रश्न: ३० लाखांचं गृहकर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. पाच वर्षांत १६ लाखांच्या वर भरले, तरी अजून २६ लाख ६१ हजार बाकी दाखवतात. बँक आधी सगळं व्याज वसूल करून घेते का?

उत्तर:

आकडा बरोबर आहे, पण समज चुकीचा आहे. आगाऊ व्याज कुणी घेतलेलं नाही. दर महिन्याला एकच गुणाकार होतो: त्या दिवशी जेवढं मुद्दल बाकी, त्यावर एका महिन्याचं व्याज. ९ टक्क्यांचे बारा भाग केले की महिन्याला पाऊण टक्का. हप्त्यातून आधी हे व्याज वजा होतं आणि उरलेले पैसे मुद्दलात जातात.

तुमचा हप्ता २६,९९२ रुपये असणार. पहिल्या महिन्यात ३० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे २२,५०० रुपये व्याज. उरले ४,४९२, तेवढंच मुद्दल कमी झालं. दुसऱ्या महिन्यात बाकी ४,४९२ रुपयांनी कमी, म्हणून व्याज ३४ रुपयांनी कमी, आणि हप्ता तोच असल्यामुळे ते ३४ रुपये मुद्दलाच्या वाट्याला आले. चौतीस रुपये! वैताग येणं साहजिक आहे. पण सगळी गोष्ट या चौतीस रुपयांतच आहे, कारण ते ४,४९२ चे बरोबर पाऊण टक्का आहेत. मुद्दलाचा वाटा दर महिन्याला मागच्या महिन्यापेक्षा पाऊण टक्क्याने वाढतो. चक्रवाढच आहे ही, फक्त तुमच्या बाजूने चालणारी. आणि चक्रवाढ सुरुवातीला रांगते, शेवटी पळते.

म्हणून पाच वर्षांत तुम्ही भरलेल्या सुमारे १६ लाख २० हजारांपैकी १२ लाख ८१ हजार व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं जेमतेम ३ लाख ३९ हजार. आता ६१ व्या हप्त्यात मुद्दलाचा वाटा ७,०३३ रुपये असेल. हे एक्सेलमध्ये स्वतः पडताळून बघा, ६१ च्या जागी हवा तो हप्ता घाला:

```
=PPMT(9%/12, 61, 240, -3000000)
```

निम्मं कर्ज कधी फिटतं माहीत आहे? चौदा वर्षांनी. २० वर्षांतली १४ वर्षं पहिल्या १५ लाखांना लागतात आणि उरलेले १५ लाख सहा वर्षांत संपतात.

आता एक गंमत, जी कर्ज देणारा अधिकारी सहसा सांगत नाही (बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसते). हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा कधी होतो, हे कर्जाच्या रकमेवर ठरत नाही. कर्ज घेऊन किती वर्षं झाली त्यावरही नाही. ते ठरतं शेवट किती दूर आहे त्यावर, आणि दरावर. ९ टक्क्यांना शेवटचे ९२ हप्ते, म्हणजे साधारण पावणेआठ वर्षं, मुद्दल जास्त आणि व्याज कमी असतं. मुदत २० वर्षं असेल तर हा टप्पा १४९ व्या हप्त्याला येतो. मुदत ३० वर्षं असेल तर आधीची २२ वर्षं नुसतं व्याजच वरचढ. आणि सात वर्षांच्या कर्जात तर पहिल्याच हप्त्यात मुद्दल निम्म्याहून जास्त असतं. सात वर्षांच्या कर्जाला बँक काही वेगळी मेहेरबानी करत नाही. गणित तेच, फक्त वाट छोटी.

यावरून वरचे पैसे भरण्याचं कोडंही सुटतं. समजा आज, ६० हप्त्यांनंतर, तुमच्या हातात एक लाख मोकळे आहेत. हप्ता तोच ठेवून ते मुद्दलात भरले तर शेवटचे साडेतेरा हप्ते गळतात. ते लाख वजा जाता साधारण २ लाख ६६ हजार वाचतात. तेच लाख भरून मुदत तीच ठेवली आणि हप्ता कमी करून घेतला, तर हप्ता हजारेक रुपयांनी उतरतो आणि एकूण बचत ८० हजारांच्या थोडी वर. म्हणून पैसे भरताना 'मुदत कमी करा, हप्ता नको' असं लेखी द्या. न सांगता काय होईल याचा भरवसा नाही.

तेच लाख पंधराव्या वर्षाच्या शेवटी भरले तर फक्त पावणेसहा हप्ते वाचतात. 'तोवर व्याज देऊन झालेलं असतं, आता भरून काय उपयोग' असं लोक म्हणतात ते यामुळे, पण तेही अर्धवट आहे. भरलेल्या लाखावर तुम्हाला दोन्ही वेळी ९ टक्केच वाचतात. नंतर भरले तर ते वाचवायला वर्षं कमी उरलेली असतात, एवढंच.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्यात मी स्वतः फसलोय. बदलत्या दराचं कर्ज असेल तर दर वाढल्यावर बरेचदा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली जाते. खात्यातून रक्कम तीच जाते, म्हणून मला वाटलं काही बदललेलं नाही. दीड वर्षाने पूर्ण तक्ता मागवला तेव्हा शेवटचा हप्ता दोन वर्षांनी पुढे सरकलेला दिसला. पत्र आलं होतं म्हणे.

तुमच्याच कर्जावर बघा. ६१ व्या हप्त्याच्या आधी दर ९ चा १० टक्के झाला, तर त्या महिन्याचं व्याज २२,१७७ होतं. हप्ता २६,९९२ चाच. मुद्दलात जाणार होते ७,०३३, आता जातात ४,८१५. हा वाटा तुम्ही अकराव्या हप्त्यालाच गाठला होता. पाच वर्षांत कमावलेली चढण एका टक्क्यात पुसली गेली, आणि उरलेले १८० हप्ते २०८ झाले. दर १२.१७ टक्क्यांच्या वर गेला तर व्याजच हप्त्यापेक्षा मोठं होतं, आणि तरीही हप्ता वाढवला नाही तर बाकी दरमहा वाढायला लागते.

म्हणून खात्यातून गेलेली रक्कम बघू नका. उताऱ्यात त्या महिन्याचं व्याज बघा, त्याला आधीच्या शिल्लक मुद्दलाने भागा आणि बाराने गुणा. येणारा आकडा तुमच्या समजुतीतल्या दराशी जुळला पाहिजे. व्याज रोजच्या शिल्लकीवर धरत असतील तर महिन्याच्या दिवसांनुसार थोडा इकडेतिकडे होईल. आणि मुद्दलाचा रकाना एखाद्या महिन्यात मागच्यापेक्षा लक्षणीय खाली आला असेल, तर त्याच दिवशी उरलेल्या हप्त्यांची संख्या विचारून घ्या.