धान्यवाटपाचा हिशोब : रुपये जुळले, पण किलो जुळले का?

*प्रश्न : आमच्या छोट्या मंडळाने इंदुरात शंभरेक कुटुंबांना धान्य दिलं. आता देणगीदारांचे आभार आणि हिशोब एकत्र लिहून टाकायचा आहे. किती तपशील द्यावा? काही जण म्हणतात, घेणाऱ्यांचे फोटो टाकल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. खरं आहे का?*

मी छावनीच्या बाजारात एका घाऊक दुकानात बरीच वर्षं हिशोब लिहिला, आणि आमच्या मंडळाच्या धान्यवाटपाची वहीही माझ्याकडेच असते. फोटोंचं नंतर सांगतो. विश्वास बसतो तो मालाच्या हिशोबाने, आणि बहुतेक मंडळं नेमकी तिथेच चुकतात. आम्हीही चुकलो होतो.

त्या वर्षी १२० कुटुंबं होती. प्रत्येकी १० किलो गहू, ५ किलो तांदूळ, २ किलो तूरडाळ. बावीस पोती गहू विकत घेतला आणि दोन पोती एका व्यापाऱ्याने दिली. एकूण २४ पोती, प्रत्येकावर ५० किलो लिहिलेलं. म्हणजे बरोबर १२०० किलो. कागदावर एक दाणाही जास्त नाही, कमी नाही. प्रत्यक्षात संध्याकाळी ११७ थैल्या भरून झाल्या आणि तळाशी साडेसात किलोच्या आसपास गहू उरला. तीन घरं राहिली. आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराण्यातून २३ किलो सुटा गहू स्वतःच्या खिशातून आणला, तिन्ही घरी पोचवला आणि कोणाला सांगितलंही नाही. मी पोस्ट लिहिली : १२० कुटुंबं, १२०० किलो गहू, खर्च ९३,८०० रुपये. सगळं छान जुळलेलं.

दोन दिवसांनी सियागंजातल्या एका देणगीदार काकांचा फोन आला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. "भरती बारदानासकट होती की निव्वळ? आणि रिकामी पोती कुठे गेली?"

मी ज्या धंद्यात आयुष्य काढलं त्याचेच प्रश्न मला ऐकावे लागले, याची लाज वाटली. वाटप झालं त्या शाळेच्या पडवीत पोती पडलीच होती. काट्यावर एक ठेवलं, ६०० ग्रॅम. आणखी दहा ठेवून पाहिली, तेवढीच. पोत्यावरचे ५० किलो तागाच्या बारदानासकट, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन धरून होते. चोवीस पोत्यांचं बारदान १४ किलो ४०० ग्रॅम, म्हणजे हातात आलेला गहू ११८५.६ किलो. त्यातून चाळताना दोन किलो कचरा आणि खडे निघाले, ७.६ किलो उरला होता. बाकी ११७६ किलो थैल्यांत गेला. तो ११७ ने भागला तर थैलीमागे १० किलो ५० ग्रॅम येतात. हेही स्वाभाविकच. भरणारा माणूस काटा दहाला टेकला की थांबत नाही, वर अजून मूठभर टाकतो. घेणारा समोर उभा असताना कोण काटेकोर राहील!

व्यापाऱ्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. भरती कशी धरायची हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. तेव्हापासून माल उतरताच तीन-चार पोती बारदानासकट तोलतो, एक रिकामं करून तोलतो आणि दोन्ही आकडे बिलाच्या मागे लिहितो. ठरलेल्या गरजेपेक्षा अर्धं पोतं जास्त मागवतो.

मग सुधारित पोस्ट टाकली. तिचा मधला भाग जसाच्या तसा देतो, तुम्हाला साचा म्हणून उपयोगी पडेल :

"आधीच्या हिशोबात आमच्याकडून चूक झाली होती, ती इथे दुरुस्त करत आहोत. बँकेतून व यूपीआयने ८४,५०० रुपये आले, रोख १६,५०० आले, आणि गहू-तांदळाची ३६ रिकामी पोती विकून ५४० मिळाले. एकूण जमा १,०१,५४०. गहू ११०० किलो, ३२ रुपये दराने ३५,२००. तांदूळ ६०० किलो, ४२ दराने २५,२००. तूरडाळ २४० किलो, १२० दराने २८,८००. हम्माली आणि टेम्पो २,६००. कापडी थैल्या १,५६०. चिठ्ठ्यांची छपाई आणि चहा ४४०. गहू कमी पडल्याने दुसऱ्या दिवशी घेतलेला २३ किलो, ३६ दराने ८२८. एकूण खर्च ९४,६२८. शिल्लक ६,९१२ रुपये मंडळाच्या खात्यात आहे, ती पुढच्या धान्यासाठीच वापरली जाईल. याशिवाय १०० किलो गहू एका देणगीदारांनी वस्तुरूपाने दिला, तो रुपयांच्या जमेत धरलेला नाही. गव्हाची प्रत्यक्ष आवक बारदान वजा जाता ११८५.६ किलो होती. तीन कुटुंबांना थैली त्या दिवशी मिळू शकली नाही, दुसऱ्या दिवशी मिळाली. त्यांना थांबावं लागलं याबद्दल आम्ही त्यांची माफी मागतो."

ते ८२८ रुपये बघा. कार्यकर्त्याने भल्या मनाने दिले, पण वहीत न आल्यामुळे माल आणि पैसे दोन्ही खोटे ठरले. आता आमच्याकडे खिशातून दिलेल्याचीही पावती फाडतात, मग ते परत घ्यायचे की देणगीत टाकायचे ते त्याने ठरवावं. त्याने देणगीत टाकायला सांगितलं असतं तर जमाही ८२८ ने वाढली असती. त्याने परत घेतले, म्हणून तो फक्त खर्च दिसतो.

वस्तुरूप देणगी वेगळी का, असं विचारतील. तिचे रुपये जमेत धरले तर तेवढाच खर्चही दाखवावा लागतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. शिवाय आयकरातली ८०जीची सवलत फक्त पैशांच्या देणगीला मिळते, धान्याला नाही, आणि रोख २००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर त्यालाही नाही. तुमच्या मंडळाला ८०जी असेल तर हे एक वाक्य पोस्टमध्ये टाकाच, नाहीतर मार्चमध्ये फोन सुरू होतात.

बिलांचे फोटो टाकाल तेव्हा आणखी एक शंका येईल : "धान्याच्या बिलावर जीएसटी नाही, म्हणजे कच्चं बिल दिसतंय." तसं नाही. २०२२ च्या जुलैपासून जीएसटी लागतो तो २५ किलोपर्यंतच्या, छापील वेष्टनातल्या धान्य-डाळींवर. तुम्ही ५० किलोचं पोतं घेतलंत तर तो लागत नाही. एक ओळ लिहून ठेवा. आणि बिलं मशीनच्या चकचकीत कागदावर असतील तर त्याच दिवशी फोटो काढा, काही महिन्यांत पुसट होऊ लागतात.

देणगीदारांची यादी देताना आम्ही नाव आणि रक्कम शेजारी शेजारी देत नाही. पावती क्रमांक आणि रक्कम एका तक्त्यात, नावं वेगळी, वर्णानुक्रमे, आणि तीही ज्यांनी हो म्हटलं त्यांचीच. ज्याला बघायचं तो आपला क्रमांक शोधतो आणि बेरीज करून जमा तपासू शकतो. पन्नास रुपये देणाऱ्या आजींना पाच हजारवाल्याच्या खाली छापायची गरज पडत नाही. बँकेच्या पासबुकाचा फोटो मात्र तसाच टाकू नका. यूपीआयच्या नोंदीत बऱ्याचदा लोकांचे मोबाइल नंबर असतात.

आता फोटो. आमच्याकडे एकदा एका उत्साही पोराने सह्यांच्या रजिस्टरचा फोटो टाकला होता, पुरावा म्हणून. त्यात नावं, अंगठे आणि सरकारी योजनांसाठीचा समग्र आयडी. मध्य प्रदेशात समग्र आयडीवर काय काय निघतं हे तुम्हाला ठाऊक आहे. अर्ध्या तासात काढून टाकला, पण तोवर तो गल्लीत फिरला होता. घेणाऱ्यांचे चेहरे तर नकोच. विचारलं तरी नको, कारण थैली हातात असलेला माणूस "नको" म्हणू शकत नाही. काट्यावर ठेवलेलं पोतं, भरलेल्या थैल्यांची रांग, बिलं, रिकामी बारदानं : एवढे फोटो पुरतात. रजिस्टर मंडळात ठेवा आणि लिहा की कोणत्याही देणगीदाराला येऊन हिशोबनीसासमोर बसून ते बघता येईल. आमच्याकडे आजवर दोघे आले.

भागवार आकडे देतानाही जरा जपून. "सुदामानगरात ३ कुटुंबं" लिहिलंत तर तिथले लोक तासाभरात ती तीन घरं कोणती ते सांगतील. लहान आकडे शेजारच्या भागात मिळवून द्या.

थैल्यांवर आम्ही पहिल्या वर्षी मंडळाचं नाव छापलं होतं. एक बाई थैली घेऊन फाटकापर्यंत गेल्या, तिथे थांबल्या, भिंतीच्या आड माल ओतून थैली उलटी केली, पुन्हा भरली आणि मग रस्त्यावर निघाल्या. पुढच्या वर्षीपासून थैल्या कोऱ्या. छपाईचे पैसे वाचले, ते डाळीत गेले.

शब्दांचं म्हणाल, तर "गरीब", "लाभार्थी" वगैरे टाळा, "कुटुंबं" पुरेसं आहे. कारण लिहायचंच तर सरळ लिहा : रेशनची पात्रता पर्ची अजून निघालेली नाही, किंवा कमावतं माणूस आजारी आहे, म्हणून रेशनावर भागत नव्हतं. एवढंच, आणि एकत्रितपणे. कोणाची कहाणी नको. आभारात हम्माल, टेम्पोवाला, अंगण देणारी शाळा यांनाही घ्या. बहुतेक पोस्टींत फक्त देणगीदारांची आरती असते.

आम्ही पोस्ट टाकण्याआधी धान्य घेतलेल्यांपैकीच एकदोघांना वाचून दाखवतो, आणि हिंदीत उतरवून शाळेच्या फाटकावरही लावतो, कारण बरीच घरं मराठी वाचत नाहीत. त्या सुधारित पोस्टीचा मसुदा ऐकून एक मावशी म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे भाऊ, पण तुम्ही लिहिलंय की थैल्या कार्यकर्त्यांनी भरल्या. दुपारी दोनपासून डाळ कोण मोजत होतं? मी आणि माझी सून." त्यांचं नाव घालायचं का, ते विचारलं. नको म्हणाल्या. मग आम्ही लिहिलं : "डाळीच्या सगळ्या थैल्या धान्य घेणाऱ्या कुटुंबांतल्या दोघींनी भरल्या, आणि डाळीत एक किलोचाही फरक आला नाही."