4,012 रुपये बोनस कुठून आला?

प्रश्न: मी 1 ऑगस्ट 2024 ला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागलो. बेसिक आणि डीए मिळून 16,500 आहे. 2024-25 चा बोनस 4,012 रुपये आला. माझ्याबरोबरच लागलेल्या मित्राला 4,665 मिळाले, त्याची एकही सुट्टी नाही. मी 28 दिवस नव्हतो: 11 दिवस कामावर पाय भाजला म्हणून, 9 दिवस भरपगारी रजा, 8 दिवस बिनपगारी. एवढाच बसतो का?

नाही, एवढाच बसत नाही. तुमचा कमी आहे आणि मित्राचाही कमी आहे. मी शिरोलीच्या एका युनिटमध्ये सतरा वर्षं पगार आणि हजेरीचं काम बघतोय. तुम्ही दोघांचे आकडे दिलेत म्हणून ऑफिसनं हिशेब कसा केला असेल ते मागून काढता येतं.

आधी मित्राचा आकडा घेऊ. त्यानं खाडा केलेला नाही, म्हणजे त्याच्या रकमेत कपात नाही, फक्त महिने आणि टक्के आहेत. ऑगस्ट ते मार्च आठ महिने. 7,000 गुणिले 8 म्हणजे 56,000, त्याचे 8.33 टक्के 4,664.80. बरोबर 4,665. म्हणजे ऑफिसनं महिन्याला 7,000 पगार धरला.

आता तुमचा. 4,665 मधून 4,012 गेले की उरतात 653. 653 हे 4,665 चे 14 टक्के होतात. तुमचे खाडे 28, आणि त्या आठ महिन्यांत साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या सुट्ट्या वगळून कामाचे दिवस साधारण 200 भरतात. 28 भागिले 200 म्हणजे बरोबर 14 टक्के. थोडक्यात, तुमचे 28 च्या 28 दिवस बिनपगारी गैरहजेरी म्हणून कापलेत. म्हणजे चुका दोन झाल्या. पहिली दोघांच्याही हिशेबात आहे, दुसरी फक्त तुमच्या.

पहिली चूक 7,000 ची. बोनस कायदा 1965 मध्ये पगाराच्या दोन मर्यादा आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. 21,000 ही पात्रतेची मर्यादा. बेसिक आणि डीए मिळून महिन्याला 21,000 पर्यंत असेल तर तुम्ही बोनसला पात्र. घरभाडं, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम यात धरत नाहीत, त्यामुळे हातात येणारा पगार 23,000 असला म्हणून कुणी बाद होत नाही. तुमचे 16,500 आहेत, प्रश्नच नाही. दुसरी मर्यादा बोनस कशावर मोजायचा याची. तिथं कायदा म्हणतो: महिन्याला 7,000, किंवा त्या कामासाठी सरकारनं ठरवलेलं किमान वेतन, यांतलं जे जास्त असेल ते. तुमचा पगार त्यापेक्षा जास्त असेल तर तो तेवढाच आहे असं समजून बोनस मोजायचा. म्हणून 16,500 वर पूर्ण बोनस मागता येत नाही, पण 7,000 वरही कुणाला थांबता येत नाही.

ही चूक कशी शिरते ते मी जवळून पाहिलंय. आधी मोजणीची मर्यादा 3,500 होती. 2015 च्या शेवटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2014 पासून लागू धरली. आमच्या युनिटच्या बोनसच्या एक्सेल शीटमध्ये तेव्हा 3,500 एका सेलमध्ये टाइप केलेले होते. ते पुसून 7,000 टाकले आणि शीट पुन्हा चालू झाली. 'किंवा किमान वेतन, जे जास्त' हे शब्द सेलमध्ये मावणारे नव्हते, ते राहूनच गेले. दोन दिवाळ्या तसंच वाटप झालं. तिसऱ्या वर्षी कोअर शॉपमधल्या एका बाईंनी किमान वेतनाचा कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवून विचारलं, "साहेब, हे जास्त न्हाई व्हय?" जास्तच होतं. मागचा फरक काढून द्यायला आम्हाला चार महिने लागले. तेव्हापासून बोनसचा हिशेब मी किमान वेतनाच्या कागदापासूनच सुरू करतो.

तो कागद तुमच्या कारखान्यातही नोटीस बोर्डावर लावलेला असायला हवा. त्यावर तुमच्या उद्योगाचं नाव, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग असतात. मूळ दर आणि विशेष भत्ता यांची बेरीज घ्या. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत ऑगस्ट ते डिसेंबर एक आकडा येईल आणि जानेवारी ते मार्च दुसरा. खाली सोयीसाठी मी आठही महिने 13,200 धरलेत. हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमच्या वर्गाचा खरा आकडा तिथं घाला.

मित्राचा हिशेब मग असा होतो: 13,200 गुणिले 8 म्हणजे 1,05,600. त्याचे 8.33 टक्के 8,796. त्याला मिळाले 4,665. फरक 4,131.

दुसरी चूक खाड्यांची, आणि मला ती जास्त लागते, कारण इथं भाजलेल्या माणसाचेच पैसे कापले गेलेत. कायद्याच्या कलम 14 प्रमाणे काही दिवस माणूस कामावर नसला तरी काम केल्याचे धरायचे असतात: भरपगारी रजा, करार किंवा स्थायी आदेशांनुसार दिलेला ले-ऑफ, भरपगारी बाळंतपणाची रजा, आणि कामामुळे व काम करताना झालेल्या अपघातानं आलेलं तात्पुरतं अपंगत्व. ओतकामात रस उडून पाय भाजणं याच शेवटच्या प्रकारात येतं. ते 11 दिवस ईएसआयनं पैसे दिले, कंपनीनं पगार दिला नाही, म्हणून टाइम ऑफिसच्या हजेरीपटावर 'गैरहजर' अशी खूण पडते आणि बोनसच्या शीटमध्ये तीच खूण मोजली जाते. खूण पगारापुरती ठीक, बोनससाठी ती चुकीची. मात्र घरी ताप आला आणि ईएसआयची आजारपणाची सुट्टी घेतली, तर ते दिवस या यादीत नाहीत. अपघात कामाचाच होता याचा कागद म्हणून महत्त्वाचा.

तुमचे 9 दिवस भरपगारी आणि 11 दिवस अपघाताचे, दोन्ही हजर म्हणून धरायचे. कापायचे फक्त 8. म्हणजे 200 पैकी 192 दिवस. 1,05,600 ला 192 नं गुणून 200 नं भागलं की 1,01,376 येतात, त्याचे 8.33 टक्के 8,444.62. तुम्हाला मिळाले 4,012. फरक 4,432 रुपये 62 पैसे.

महिन्यागणिक करायचं असेल तर शीटमध्ये एका ओळीत एक महिना घ्या. B मध्ये बेसिक अधिक डीए, C मध्ये त्या महिन्याचं किमान वेतन, D मध्ये धरायचे दिवस, E मध्ये त्या महिन्याचे कामाचे एकूण दिवस:

```
=MIN(B2,MAX(7000,C2))*D2/E2*8.33%
```

आठ ओळींची बेरीज म्हणजे तुमचा किमान बोनस. महिन्यागणिक दिवस कमीजास्त असतात, म्हणून ही बेरीज वरच्या आकड्यापेक्षा थोडी इकडेतिकडे होईल. त्यानं घाबरू नका.

टक्क्यांबद्दल. 8.33 हा तळ आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, आणि तोटा झाला तरी द्यावा लागतो. 20 टक्के हे छत. मधला दर नफ्यातून बोनससाठी बाजूला पडणाऱ्या रकमेवर ठरतो. ती रक्कम 20 टक्क्यांपेक्षाही जास्त असली तर उरलेली ठराविक मर्यादेत पुढच्या चार वर्षांपर्यंत ओढता येते. तुमच्या बाबतीत 20 टक्क्यांनी 20,275 झाले असते, त्यापेक्षा जास्त कायद्यानं मिळत नाही. बाहेरून दर तपासता येत नाही, पण मित्राच्या आकड्यावरून तुमच्याकडे 8.33 लावलाय हे दिसतंच. दराचा वाद यात ओढू नका. पायाचा आकडा आणि दिवस एवढंच धरा, ते कागदावर सिद्ध होतं.

कंपनीकडून दोन उत्तरं येऊ शकतात. एक, "वर्ष पूर्ण भरलं नाही." वर्षात 30 दिवस काम झालं की पात्रता येते, तुमचे आठ महिने आहेत. दोन, "कारखाना नवीन आहे." याला खरंच आधार आहे. नव्या उद्योगानं माल विकायला सुरुवात केल्यापासून पहिली पाच वर्षं फक्त नफा झालेल्या वर्षाचा बोनस द्यावा लागतो. पण तुमच्या कारखान्यानं बोनस वाटलाच आहे, फक्त चुकीच्या पायावर.

हे सगळं 2024-25 साठी, त्या वर्षाला 1965 चाच कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता आली आहे. त्यात 8.33, 20 आणि 30 दिवस तसेच आहेत, पण पगाराच्या मर्यादा सरकार अधिसूचनेनं ठरवतं, आणि भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असतो. पुढच्या बोनसला वरचे आकडे डोळे झाकून वापरू नका.

आता काय करायचं. ऑफिसमध्ये जाऊन बोनस रजिस्टरमधली, म्हणजे नमुना 'क' मधली, तुमची ओळ बघायला मागा. त्यात काम केलेले दिवस, एकूण पगार, देय बोनस आणि कपाती असे रकाने असतात. दिवसांच्या रकान्यात 172 आणि पगाराच्या रकान्यात सात हजारांवरून काढलेला आकडा दिसला, तर मी वर काढलेलं बरोबर निघालं. मग एका पानाचा अर्ज लिहा: किमान वेतनाच्या कागदाचा फोटो, अपघात अहवालाची प्रत, ईएसआयचं सर्टिफिकेट आणि तुमचा हिशेब जोडा, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. मित्रानंही त्याचा वेगळा अर्ज द्यावा. बहुतेक ठिकाणी शीटमधली चूक दाखवली की फरक निघतो, कारण तीच शीट सगळ्यांना लागलेली असते आणि ऑफिसलाही ते कळतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तीच पोच घेऊन कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटा. जाताना ऑगस्ट ते मार्चच्या पगाराच्या आठही स्लिपा बरोबर ठेवा, पहिल्यांदा त्याच मागतात.