नंबर समोर दिसतो, पण फोन लावायला हात धजावत नाही

"गूगल मॅपवर मेस, खानावळी, कॅन्टीन सगळ्यांचे नंबर आहेत. आपला माल घेता का हे विचारायला मी फोन लावते आणि रिंग जायच्या आत कट करते. समोरचा वैतागेल असं वाटतं. नंबर त्यांनीच जाहीर टाकलाय, म्हणजे मी फोन केलेला चालतो ना? आणि नेमकं बोलायचं काय?"

फरसाण पुरवणारे, फिनेल विकणारे, शिवणकाम घेणारे असे छोटे व्यावसायिक माझ्याकडे येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच विचारतात. म्हणून वैशालीताईंची गोष्ट इथे मांडतो. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या पुण्यात, कोथरूडला राहतात. घरी दोन बायका हाताशी घेऊन तयार पोळ्या करतात. सोसायटीतल्या ऑर्डरी ठीक चालल्या होत्या, पण सणासुदीला वाढायच्या आणि एरवी बसायच्या. रोजचं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे मेस. पन्नास जण जेवत असतील तर एका वेळेला दीडशे-पावणेदोनशे पोळ्या लागतात. हा हिशेब त्यांना पाठ होता, पण फोन होत नव्हता.

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "मी मुळातच भित्री आहे." मला ते पटलं नाही. रोज पहाटे पाचला उठून कणकेचा घाणा घालणारी, उधारी वसूल करणारी बाई भित्री नसते. मी विचारलं, "समोरचा का वैतागेल?" त्या पटकन म्हणाल्या, "कामात असेल ना. मी मधेच घुसणार."

म्हणजे भीतीत तथ्य होतं. लोक भीतीलाच शत्रू समजून 'आत्मविश्वास वाढवा' म्हणत बसतात. मी विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भीतीमागचा विचार तपासून बघत काम करतो, आणि त्यात पहिली पायरी म्हणजे माणसाच्या मनातलं वाक्य नीट ऐकणं. वैशालीताईंच्या मनात दोन वाक्यं एकमेकांत गुंतली होती. एक, "मी विचारल्याशिवाय त्यांचा वेळ घेतेय." हे खरं होतं. दुसरं, "ते चिडले तर मी वाईट ठरेन." हे खरं नव्हतं. पहिलं दुरुस्त करता येतं, आणि ते दुरुस्त झालं की दुसऱ्याचा जोर आपोआप कमी होतो.

आधी 'नंबर जाहीर आहे ना' याबद्दल. मेसवाल्याने नंबर टाकला तो जेवायला येणाऱ्यांसाठी, डबा लावणाऱ्यांसाठी. त्याला माल विकायला येणाऱ्यांसाठी नाही. नंबर दिसतो याचा अर्थ संपर्क शक्य आहे एवढाच. परवानगी वेगळी घ्यावी लागते. दूरसंचार नियामक ट्रायचे नियमही हेच सांगतात. न मागितलेल्या व्यावसायिक फोनबद्दल कुणीही १९०९ वर तक्रार करू शकतं, आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायला आधी नको असलेले फोन अडवणाऱ्या डीएनडी यादीत नाव असण्याची अट २०२५ च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे. दहा दिवसांत एकाच नंबरविरुद्ध पाच तक्रारी आल्या तर मोबाइल कंपनीला कारवाई करावी लागते. पहिल्या वेळी पंधरा दिवस त्या नंबरवरून बाहेर फोन जात नाहीत, पुन्हा घडलं तर वर्षभरासाठी जोडणीच जाते. वैशालीताईंच्या सगळ्या ऑर्डरी त्याच नंबरवर यायच्या. यादी समोर घेऊन रोज शंभर फोन लावण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्याने हा भाग वाचलेला नाही असं समजा.

आणखी एक. काही यादीवाल्या संकेतस्थळांवर दिसणारा नंबर दुकानाचा नसतो, मधला असतो. तुमचा फोन तिथे गिऱ्हाइकाची चौकशी म्हणून नोंदला जातो, आणि काही ठिकाणी त्याचे पैसे दुकानदाराच्या खात्यातून जातात. आपण माल विकायला त्याच्याच पैशाने फोन करायचा, हे बरं नाही. दुकानाच्या पाटीवरचा किंवा त्यांच्या स्वतःच्या पानावरचा नंबर शोधा.

दुसऱ्या भेटीत वेळेचं बोललो. वैशालीताई फोन लावायचा प्रयत्न करायच्या सकाळी अकराला, कारण तेव्हा त्या मोकळ्या असायच्या. मेसमध्ये अकराला भाजीला फोडणी पडत असते. बारा ते तीन जेवणं, साडेतीनपर्यंत भांडी आणि हिशेब, मग तासभर पाठ टेकणं. संध्याकाळी सहापासून पुन्हा धावपळ. उरतात ते साडेचार ते साडेपाच. गूगल मॅपवर त्या ठिकाणाच्या खाली 'लोकप्रिय वेळा' असा स्तंभांचा आलेख अनेकदा असतो. उंच स्तंभ म्हणजे गर्दी. तो एकदा बघितला की नुसता अंदाज बांधावा लागत नाही. पुण्यात बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. मालकाला ती एक सुट्टी असते, तेव्हा फोन करू नये. महिन्याचे पहिले चार-पाच दिवस मुलांचे पैसे गोळा करण्यात जातात, तेही टाळावेत. याउलट कॉलेजं सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस उत्तम, कारण पोळ्या लाटायला बाई ठेवायची की बाहेरून घ्यायच्या हा निर्णय तेव्हाच होतो. दुसऱ्या धंद्याला दुसरं घड्याळ असतं. आपल्या मोकळ्या वेळेला फोन करायचा नाही, समोरच्याच्या मोकळ्या वेळेला करायचा, हे पक्कं लक्षात ठेवायचं.

मग वाक्यं. वैशालीताईंनी वहीत लिहून आणलं होतं: "नमस्कार सर, कसे आहात? मी वैशाली. आमच्या पोळ्या अतिशय मऊ, घरगुती, शुद्ध..." असं दीड पान. अनोळखी माणसाने 'कसे आहात' विचारलं की ऐकणाऱ्याचा पहिला विचार येतो, हा कोण? आणि तो विचार चालू असेपर्यंत पुढचं काहीच कानात शिरत नाही. आम्ही ते पान बाजूला ठेवलं आणि उरलं ते एवढं:

"नमस्कार. मी वैशाली, कोथरूडहून बोलतेय, पोळ्या पुरवायचं काम करते. तुमच्या मेसचा नंबर गूगल मॅपवर बघितला. पोळ्यांच्या पुरवठ्याबद्दल विचारायचं होतं. आत्ता दोन मिनिटं बोलता येईल का, की दुसऱ्या वेळी फोन करू?"

सावकाश म्हटलं तरी पंधरा सेकंद. यात कोण, कुठून, नंबर कसा मिळाला, कशासाठी आणि परवानगी, सगळं आलं. नंबर कुठून मिळाला हे न विचारता सांगितलं की संशय निम्मा जातो. "अमुक साहेबांनी दिला" अशी थाप कधीही मारू नये. त्याच दिवशी पडताळली जाते. 'काका', 'मावशी' पहिल्या वाक्यात नको, 'तुम्ही' पुरे. समोरून हिंदी ऐकू आली तर आपणही हिंदीत सुरू करावं.

मी मेसवाला झालो आणि सराव सुरू केला. त्यांनी वाक्यं नीट म्हटली. "...की दुसऱ्या वेळी फोन करू?" मी मुद्दाम गप्प राहिलो. दोन सेकंद गेले नसतील, त्या घाईघाईने सुरू झाल्या, "म्हणजे आमच्या पोळ्या मऊ असतात, दर पण..."

मी थांबवलं. "परवानगी मागितलीत आणि उत्तर यायच्या आधीच आत शिरलात. उंबऱ्याबाहेर उभं राहून 'येऊ का' विचारायचं आणि चप्पल काढून आतच यायचं, तसं झालं."

त्या हसल्या, मग गंभीर झाल्या. "थांबले आणि ते नाही म्हणाले तर?"

"कशाला नाही म्हणाले?"

त्या विचारात पडल्या. मी उत्तर पुरवलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आत्ता बोलायला. पोळ्यांना नाही... मला तर नाहीच."

मला हवी होती ती जागा हीच. आजवर त्या थेट मालाचं कौतुक सुरू करायच्या, त्यामुळे 'नको' आलं की ते मालाला, हातच्या चवीला, आपल्याला आलं असं वाटायचं. आधी दोन मिनिटं मागितली की नकार येतो तो दोन मिनिटांना. प्रश्न लहान केला की नकारही लहान होतो. फोन करणाऱ्याची भीती कमी करायचा याहून साधा उपाय मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे तो समोरच्याशी नीट वागण्याचाही उपाय आहे. भीती घालवायला वेगळी युक्ती आणि शिष्टाचारासाठी वेगळे नियम, असं शिकवायची गरज मला वाटत नाही.

फोन प्रत्यक्षात सुरू झाल्यावर वेगळ्या अडचणी आल्या. फोन उचलायचा गल्ल्यावरचा मुलगा. त्या त्यालाच दर सांगत बसायच्या, तो "बरं, सांगतो" म्हणायचा आणि विषय संपायचा. त्याला एवढंच विचारायचं: "पोळ्यांची खरेदी कोण बघतं? त्यांच्याशी किती वाजता बोलता येईल?" तो नाव आणि वेळ सांगतो. पुढचा फोन "सव्वापाचला करायला सांगितलं होतं" असा सुरू होतो, म्हणजे अर्धा अनोळखीपणा संपलेला असतो. मात्र सव्वापाच म्हणजे सव्वापाच. म्हणून दिवसाला सहा-सात फोन पुरे. त्याहून जास्त केले की दिलेल्या वेळा पाळल्या जात नाहीत.

रिंग पूर्ण वाजू द्यावी. उचलला नाही तर त्या दिवशी पुन्हा नाही. लागोपाठ तीन मिस्ड कॉल दिसले की माणूस घाबरून उलट फोन करतो, आणि पोळ्यांचा विषय निघाल्यावर चिडतो. ते चिडणं रास्त असतं.

"रेट काय?" असं विचारलं तर परवानगी मिळाली. तेव्हा आढेवेढे न घेता नगाचा दर, पोळीचं वजन आणि पोचवायची वेळ सांगावी. वैशालीताई पुढे म्हणायच्या, "उद्या वीस पोळ्या चाखायला पाठवू का?" दोन मिनिटं होत आली की आपणच सांगावं, "दोन मिनिटं झाली, पुढे बोलू की नंतर?" हे वाक्य त्यांनी स्वतः शोधलं, आणि मी तेव्हापासून इतरांनाही देतो. व्हॉट्सअॅपवर दरपत्रक पाठवायचं तेही विचारूनच, आणि एकदाच.

"नको" आलं तर: "बरं, धन्यवाद. पुन्हा फोन करणार नाही." आणि खरंच करायचा नाही. त्यासाठी वहीत चार रकाने केले: ठिकाण, कुणाशी बोललो, काय म्हणाले, पुढचा फोन कधी. 'नको' असेल तिथे शेवटच्या रकान्यात रेघ. एका मेसवाल्याने फोनवर तोंड टाकलं, "रोज कुणी ना कुणी छळतं." वैशालीताई म्हणाल्या, "त्रास दिला, माफ करा," आणि फोन ठेवला. मला सांगताना आवाज थरथरत होता. मी विचारलं, मग काय केलंत? म्हणाल्या, "रेघ मारली आणि पुढचा लावला. त्यांनी पावणेपाचला करायला सांगितलं होतं, उशीर झाला असता."